पांढरा रस्सा फुटला, एक स्टार मिळाला. उत्तर कसं लिहू?

रस्सावाली_सूनबाई | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमची घरगुती खानावळ आहे. सहा टेबलं, स्वयंपाक सासूबाईंचा, गल्ल्यावर सासरे, वाढायला मी आणि दोन पोरं. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, म्हणजे पुढे गोंधळ नको. फोन माझ्या हातात असतो म्हणून गूगलवरचं सगळं माझ्याच गळ्यात.

काल रविवारी बाहेरगावचं एक कुटुंब आलं होतं. आज त्यांचा रिव्ह्यू आलाय, तसाच्या तसा देते:

"एक स्टारही जास्तच आहे. ५० मिनिटं ताटकळत ठेवलं. पांढरा रस्सा म्हणजे नुसतं पाणी आणि तोही फुटलेला. बाहेर अनलिमिटेड लिहिलंय, आत दुसऱ्यांदा मटण मागितलं तर १६० रुपये लावले. विचारलं तर गल्ल्यावरचे काका म्हणाले, परवडत नसेल तर येऊ नका. सोबत लहान मुलगी होती. शुद्ध फसवणूक. कुणीही जाऊ नका."

आत्या वाचून जेवल्या नाहीत. मी रागाने हे लिहिलंय, अजून टाकलेलं नाही:

"आमची खानावळ २२ वर्षं चालू आहे, आजपर्यंत कुणी असं बोललं नाही. तुम्ही ५० मिनिटं नाही, ३५ मिनिटं थांबलात, वहीत वेळ आहे आणि सीसीटीव्हीही आहे. पांढरा रस्सा पातळच असतो, ज्यांना कोल्हापुरी जेवण माहीत नाही त्यांनी बोलू नये. फुकट मटण हवं होतं म्हणून हा रिव्ह्यू आहे. देव बघून घेईल."

टाकू का? सध्या ८५ रिव्ह्यू आहेत आणि ४.६ रेटिंग. या एकाने ते खाली येईल याचीच जास्त भीती वाटते.

---

भुकेला_जीव | रात्री ११:५२

अगदी बरोबर केलंत रिव्ह्यू टाकून! असल्या ठिकाणी सोडायचं नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. बिलाचा फोटो जपून ठेवा. १६० रुपये परत मिळतील.

---

रस्सावाली_सूनबाई | रात्री ११:५५

दादा, मी गिऱ्हाईक नाही. खानावळ आमची आहे.

---

भुकेला_जीव | रात्री ११:५८

अरे देवा. सॉरी. मग १९१५ वर फोन करू नका.

---

चुलीजवळ | मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, रात्री पावणेबाराला उत्तर टाकलं नाहीत हे उत्तम झालं. चिपळूणला १८ वर्षं हॉटेल चालवलं, आता मुलगा बघतो आणि रिव्ह्यूची उत्तरं मी लिहितो. म्हातारपणीचा उद्योग.

आधी रेटिंगची भीती काढून टाकू. ८५ जणांची सरासरी ४.६ म्हणजे एकूण ३९१ स्टार. त्यात हा एक मिळवला की ३९२, भागिले ८६, म्हणजे ४.५६. दिसताना पुन्हा ४.६ च दिसेल. तुमचे आठच रिव्ह्यू असते तर मात्र याच एका स्टारने ४.६ चे ४.२ झाले असते. तेव्हा आकड्यासाठी उत्तर लिहू नका.

उत्तर वाचणार कोण? तो माणूस एकदा वाचेल. पण उद्या सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडलेलं एखादं कुटुंब "जेवायला कुठे" म्हणून फोन उघडेल आणि सगळ्यांत आधी वाईट रिव्ह्यू वाचेल. मी स्वतः तसंच वाचतो. त्यांना रविवारी काय झालं याचं काही पडलेलं नसतं. आपण तक्रार केली तर इथली माणसं कशी बोलतील, एवढंच ते बघतात. तुमचा मसुदा वाचून त्यांना कळेल की वहीत वेळ लिहितात, कॅमेरा लावलाय आणि देवाची धमकी देतात.

आता मला खरं सांगा. रस्सा फुटला होता का?

---

काळा_कोट_पांढरी_कॉलर | सकाळी ९:०५

माझं मत वेगळं आहे. "शुद्ध फसवणूक" हा बदनामीकारक शब्द आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागतं. रिव्ह्यू रिपोर्ट करा, निघून जाईल. उत्तरात एकच ओळ लिहा की कायदेशीर कारवाईचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत. लोक घाबरतात.

---

चुलीजवळ | सकाळी ९:४०

वकीलसाहेब, कलम बरोबर आहे. रिपोर्टचं बटणही आहे. पण ते शिवीगाळ, खोटी खाती, जाहिरातबाजी, भलत्याच दुकानाचा रिव्ह्यू अशा गोष्टींसाठी. जेवलेल्या माणसाला जेवण आवडलं नाही, तर तो रिव्ह्यू नियमात बसतो आणि राहतो. हा माणूस जेवलाय, बिल दिलंय. आणि सहा टेबलांच्या खानावळीने कलम दाखवलं की पुढचं गिऱ्हाईक घाबरतं हे खरं आहे, पण ते घाबरून शेजारच्या खानावळीत जातं.

---

काळा_कोट_पांढरी_कॉलर | सकाळी ९:५२

बरं. रिपोर्ट करून निघेलच असं नाही, मान्य. पण एक मुद्दा धरून ठेवा, उत्तरात "आमच्याकडून फसवणूक झाली" असा शब्द चुकूनही येता कामा नये. चूक वेगळी, फसवणूक वेगळी.

---

चुलीजवळ | सकाळी ९:५५

हे मात्र शंभर टक्के.

---

रस्सावाली_सूनबाई | दुपारी ४:२०

गर्दी आता ओसरली. सकाळी आत्यांना, मामांना आणि वाढणाऱ्या पोरांना एकेक करून विचारलं. खरं सांगते.

रस्सा फुटला होता. अडीचच्या सुमारास गर्दी वाढली, आत्या भाकऱ्यांवर होत्या. पोराने पांढऱ्या रश्शाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि मोठी आच करून विसरला. खदखदला. वर तेलासारखा तवंग आणि खाली कण. त्यातल्याच चार वाट्या त्या टेबलावर गेल्या. आत्यांच्या लक्षात आलं तेव्हा उरलेला त्यांनी ओतून दिला, पण गेलेल्या वाट्यांचं कुणालाच माहीत नव्हतं.

वेळ: वहीत ऑर्डर २:१० ची, ताटं गेली २:४५ ला. पण त्याआधी ते बाहेर नंबर लावून उभे होते.

फलक: मोठ्या लाल अक्षरात "अनलिमिटेड", त्याच्या खाली बारीक "तांबडा-पांढरा रस्सा". मी आज पहिल्यांदा रस्त्यापलीकडून बघितला. पलीकडून फक्त अनलिमिटेडच दिसतं.

मामा म्हणतात, "मी म्हटलं ही खानावळ आहे, इथं मटणाची प्लेट मोजून असते. बाकी काही बोललो नाही." वाढणारा पोरगा म्हणतो, मामा काहीतरी बोलले, पण काय ते ऐकू आलं नाही.

---

वाटणघाटण | दुपारी ४:४५

उत्तराचं तुम्ही बघा, मी रश्शाचं बोलते. नारळाचं दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नसते हे आत्यांना मी सांगायला नको. पण खानावळीत घोळ असा होतो की सकाळी ११ ला केलेला रस्सा तीनपर्यंत तापवत राहतात. तीळ, खसखस, काजूचं वाटण असेल तर तो थोडा सांभाळून घेतो, पण चार वेळा तापवलेला रस्सा कधीतरी फुटणारच. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, वेगळं गरम ठेवा, त्यात वाटण मिसळलेलं चालेल. नारळाचं दूध बाजूला ठेवा आणि लहान पातेल्यात दहा-बारा वाट्यांपुरतं मंद आचेवर ढवळत एकत्र करा. पोराच्या हातात आच द्यायचीच नाही.

---

कोकणकन्या_८२ | सायंकाळी ५:३०

माझा अनुभव सांगते, म्हणजे सीसीटीव्हीचा उल्लेख का नको ते कळेल. आमचं समुद्राजवळ चार खोल्यांचं घर आहे, पर्यटकांना देतो. एका पाहुण्याने अस्वच्छतेबद्दल एक स्टार दिला. रागाच्या भरात मी लिहिलं की साहेब, रात्री दोनपर्यंत पीत बसला होतात, उलटी कुणी केली ते सांगू का. शब्दन् शब्द खरा होता. पण ते उत्तर त्यांच्या नावाखाली सगळ्या जगाला दिसत होतं. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी त्याचे फोटो काढून फिरवले. नंतर नव्या पाहुण्यांचे फोन आले की त्यांचा प्रश्न एकच: "तुम्ही आमच्याबद्दल पण असं लिहाल का?" उत्तर काढून टाकलं, पण तो सीझन गेलाच. गिऱ्हाईक आपल्या घरात काय करतं ते आपल्या घरातच राहायला हवं.

---

चुलीजवळ | रात्री ८:१०

कन्याताई, हे लिहायला धीर लागतो.

सूनबाई, तुम्ही दिवसभरात जे केलंत तेच खरं काम होतं. आता रिव्ह्यूतल्या पाच गोष्टी वेगळ्या करा, कारण त्या पाचही सारख्या नाहीत.

रस्सा फुटला: झालंय, चूक आपली, कारणही माहीत आहे. हे सरळ कबूल करा. "गैरसोयीबद्दल क्षमस्व" असं एसटी स्टँडवरच्या पाटीसारखं लिहू नका. "रस्सा फुटलेला होता, तो वाढायला नको होता" इतकं स्पष्ट लिहा. एक ठोस चूक कबूल केली की वाचणारा बाकीच्या गोष्टींतही तुमच्यावर विश्वास ठेवतो. सगळंच नाकारलं की काहीच पटत नाही.

रस्सा पातळ: इथे तो चुकतोय, पांढरा रस्सा वाटीने प्यायचाच असतो. पण तुमचं "ज्यांना माहीत नाही त्यांनी बोलू नये" हे वाक्य त्याच्यासाठी नाही, पहिल्यांदा कोल्हापूरला येणाऱ्या प्रत्येकासाठी झालं. आणि तुमची अर्धी गिऱ्हाइकं तीच असणार. एक तर हा मुद्दा सोडून द्या, नाहीतर अर्ध्या वाक्यात, न शिकवता सांगा.

वेळ: ५० की ३५ हा वाद जिंकून काय मिळणार? त्याने रांगेपासून मोजलं, तुम्ही वहीपासून. दोघंही बरोबर. आकडा लिहूच नका, मुलीला घेऊन थांबावं लागलं एवढं घ्या.

फलक: तुम्ही फसवलं नाहीत, पण फलक फसवतो. तो बदला आणि बदलत असाल तरच तसं लिहा.

मामा: हे सगळ्यांत अवघड आहे. उद्या बोलतो, डोळे दुखतात.

---

टोरांटोचा_तात्या | रात्री ९:०२

इकडे वाट्टेल त्या तक्रारीला दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, "प्रिय ग्राहक, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे". सगळ्यांना तेच. कुणी वाचत नाही. सूनबाईंनी इंग्रजीत लिहावं असं कुणी सुचवेल, ऐकू नका. रिव्ह्यू मराठीत, उत्तर मराठीत. आणि खाली "व्यवस्थापन" अशी सही नको. सहा टेबलांना कसलं व्यवस्थापन?

---

रस्सावाली_सूनबाई | बुधवार, सकाळी १०:१०

दुसरा मसुदा:

"नमस्कार. रविवारी तुम्हाला लहान मुलीला घेऊन बराच वेळ थांबावं लागलं, त्याबद्दल माफी मागते. तुम्हाला वाढलेला पांढरा रस्सा फुटलेला होता हे खरं आहे. आता आम्ही दर तासाला ताजा रस्सा करतो. अनलिमिटेड फक्त रश्शाला आहे, मटणाला नाही, पण फलकावर ते नीट कळत नाही, तो आम्ही बदलत आहोत. तुम्ही पुन्हा या, चौघांना थाळी आमच्याकडून, फक्त हा रिव्ह्यू बदलावा ही विनंती."

---

चुलीजवळ | सकाळी ११:००

जमत आलंय. दोन ठिकाणी अडखळलो.

"दर तासाला ताजा रस्सा": आत्यांना विचारलंत का? उद्या कुणी तीन वाजता येऊन विचारलं, हा दोनचा की तीनचा, तर? जे आपण रोज करू शकतो तेच उत्तरात लिहायचं. वाटणघाटणबाईंनी सांगितलेली रीत आत्यांना पटली असेल तर ती लिहा.

आणि थाळीच्या बदल्यात रिव्ह्यू, हे अजिबात नको. सवलत किंवा फुकट जेवण देऊन रिव्ह्यू बदलायला सांगणं गूगलच्या नियमांत बसत नाही. ते सोडा, वाचणाऱ्याला काय दिसतं? की इथे ओरडलं की जेवण मिळतं. महिन्याभरात अजून चार जण ओरडतील. १६० रुपयांचं वेगळं आहे. फलक चुकीचा होता म्हणून ते पैसे परत करायचे असतील तर कसलीही अट न घालता करा, फोनवर बोला.

---

कोकणकन्या_८२ | सकाळी ११:२५

पैसे परत करायचं उत्तरात लिहू की नको? मी असते तर लिहिलं असतं. प्रामाणिकपणा दिसतो.

---

चुलीजवळ | सकाळी ११:३८

मी लिहिलं नसतं, "बिलाबद्दल फोनवर बोलू" एवढंच म्हटलं असतं. पण इथे दोन मतं असू शकतात.

---

रस्सावाली_सूनबाई | दुपारी ४:३५

आत्यांना रीत पटली. आज दोन पातेल्यांवर करून बघितलं, तीन वाजेपर्यंत एकही वाटी फुटली नाही. जरा कुरकुरल्या की एक बर्नर अडकतो, पण करतील.

अडलंय ते मामांवर. मी लिहिलं, "काउंटरवर तुमच्याशी जे बोललं गेलं त्याबद्दल क्षमस्व." मामा म्हणाले, "मी बोललोच नाही तर माफी कशाची? २२ वर्षांत गल्ल्यावरून एकाला हाकललं नाही." घरात शांतता आहे सध्या, तीही बरी नाही.

---

काळा_कोट_पांढरी_कॉलर | सायंकाळी ५:१०

मामा बरोबर आहेत. जे वाक्य बोलल्याचं सिद्ध नाही त्याची लेखी माफी देऊ नये.

---

वाटणघाटण | सायंकाळी ५:२०

अहो, हे कोर्ट आहे का! तो माणूस घरी अपमान घेऊन गेला. रस्सा फुटला हे तो विसरेल, हे विसरणार नाही. माफी मागावी.

---

चुलीजवळ | सायंकाळी ६:४५

माझ्या हॉटेलात गल्ल्यावर माझे वडील असायचे, त्यामुळे मामांची बाजू मला आतून कळते. शब्द काहीही असोत, "मटणाची प्लेट मोजून असते" हे भरल्या गर्दीत, बायकामुलांसमोर, वरच्या पट्टीत म्हटलं तर समोरच्याला "परवडत नसेल तर" असंच ऐकू येतं. मामा खोटं बोलत नसतील. तोही खोटं बोलत नसेल.

म्हणून शब्दांची माफी नको आणि "आमचे मामा असं बोलणारच नाहीत" असंही नको. जे नक्की आहे तेवढं लिहा: बिलाचं विचारल्यावर नीट समजावून सांगायला हवं होतं, ते झालं नाही. हे मामांनाही मान्य असेल. आणि टाकण्याआधी मामांना वाचून दाखवा. त्यांच्या खानावळीच्या नावाने जाणार आहे ते.

---

रस्सावाली_सूनबाई | गुरुवार, सकाळी ९:३०

मामांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. "समजावून सांगायला हवं होतं" यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "टाक." टाकलं:

"नमस्कार. रविवारी लहान मुलीला घेऊन तुम्हाला बराच वेळ थांबावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. तुम्हाला वाढलेला पांढरा रस्सा फुटलेला होता, हे खरं आहे. गर्दीत तो मोठ्या आचेवर तापवला गेला आणि तसाच वाढला गेला. तो वाढायला नको होता. आता आम्ही नारळाचं दूध वेगळं ठेवतो आणि लागेल तेवढाच रस्सा मंद आचेवर करतो. 'अनलिमिटेड' हे रश्शासाठी आहे, पण आमच्या फलकावरून तसं कळत नव्हतं, ही आमची चूक. फलक बदलायला दिला आहे. बिलाचं विचारल्यावर तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं, तेही झालं नाही. त्या बिलाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. खानावळीच्या नंबरवर दुपारी चारनंतर फोन केलात तर मीच उचलेन. – घरची सून"

पातळ रश्शाचा विषय काढलाच नाही. हात शिवशिवत होते.

---

टोरांटोचा_तात्या | सकाळी ९:४८

"घरची सून". वा. हीच सही.

---

चुलीजवळ | सकाळी १०:०५

चांगलं झालंय. आता त्यावर रोज जाऊन बघत बसू नका. आणि त्याने परत काही लिहिलं तर लगेच उलट उत्तर नको, फोन आला तरच बोला.

---

रस्सावाली_सूनबाई | पुढचा मंगळवार, सायंकाळी ५:०५

अपडेट. फोन आला नाही. पण त्यांनी रिव्ह्यू बदलला. आता दोन स्टार आहेत आणि शेवटी एक ओळ जोडलीय: "मालकीणबाईंनी चूक मान्य केली. पण रस्सा पातळच होता."

आत्या वाचून पहिल्यांदा हसल्या. मामा म्हणतात, आता तरी त्याला सांग की पातळच असतो.

सांगू का?

---

चुलीजवळ | सायंकाळी ५:३०

नको.

---

कोकणकन्या_८२ | सायंकाळी ५:४१

मी तर सांगेन! हसत हसत, एका ओळीत. त्याचा सूरही आता मवाळ झालाय.

---

भुकेला_जीव | सायंकाळी ६:१५

फलक कसा केलात शेवटी? आणि ते अळणी आणि नारळाच्या दुधाचं प्रमाण काय, दहा वाट्यांना?

---

रस्सावाली_सूनबाई | रात्री १०:५०

फलक: "तांबडा-पांढरा रस्सा पोटभर. मटण एक प्लेट." अनलिमिटेड शब्दच काढून टाकला. पेंटरने मटणाच्या "ट"चा "ठ" केला होता, तो उद्या दुरुस्त करून देणार आहे.

प्रमाण आत्यांना विचारलं. म्हणाल्या, "सांग, जेवायला ये म्हणावं."